अमिकॅसिन दिवसातून एकदाच, पण डोस भला मोठा : मग किडनीला त्रास कमी कसा?

शुभा_सांगली

बाबा (वय ६८, वजन ६२ किलो) परवापासून ॲडमिट आहेत. हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत दुखणं, लघवीला जळजळ. युरिन कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला, आणि नेहमीच्या बहुतेक गोळ्यांपुढे रिपोर्टमध्ये 'आर' आहे, म्हणजे त्या लागू पडणार नाहीत. डॉक्टरांनी अमिकॅसिन ७५० मिग्रॅ सुरू केलंय, सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून एकदा. क्रिएटिनिन १.१ आहे. डॉक्टर म्हणाले, "किडनी आणि कान, दोन्हींवर लक्ष ठेवावं लागेल." एवढं बोलून ते राऊंडला पुढे गेले.

माझा गोंधळ असा. सासूबाईंना पूर्वी जेंटामायसिन दिलं होतं, तेव्हा ८० मिग्रॅ दर आठ तासांनी द्यायचे. ते याच जातीचं औषध ना? औषध किडनीला वाईट असेल, तर थोडं थोडं देणं बरं की सगळं एकदम? मला तर उलटं वाटतंय. उपचार बदलायचा विचार नाही, फक्त समजून घ्यायचंय.

---

रावसाहेब_पुणे

शुभाताई, शंका रास्त आहे. अँटिबायोटिकची रक्तातली पातळी सतत एका रेषेच्या वर राहिली पाहिजे, हा साधा नियम आहे. चोवीस तासांतून एकदा दिलं की मधल्या वेळात पातळी खाली येते, उरलेले जंतू सावरतात आणि मग रेझिस्टन्स येतो. एकदाच देण्यात सिस्टरांची दगदग वाचते, हेच खरं कारण असावं. डॉक्टरांना तीन भाग करून द्यायला सांगून बघा.

---

मंजिरी_व्ही

आमच्या लेकीला अमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा होतं. शाळेमुळे दुपारचा डोस राहायचा, तर डॉक्टर रागावले. त्यामुळे एकदाच घेऊन थांबू नका, कोर्स पूर्ण करा. ताप उतरला तरी.

---

शुभा_सांगली

मंजिरी, एकदाच म्हणजे रोज एकदा गं. सात दिवस चालणार आहे म्हणे.

---

खलबत्ता

मी औषधशास्त्र शिकवतो, वॉर्डातही असतो. बाबांची फाईल माझ्यासमोर नाही, त्यामुळे त्यांच्या डोसबद्दल शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण प्रश्न झकास आहे, आणि रावसाहेबांचं उत्तर निम्मं बरोबर असल्यामुळे जास्त घोटाळ्याचं आहे.

रावसाहेब म्हणतात तो नियम पेनिसिलिनच्या कुळाचा. मंजिरीताईंच्या लेकीचं अमॉक्सिसिलिन त्यातलंच. ती औषधं जंतूची भिंत बांधू देत नाहीत. एका ठरावीक पातळीच्या वर त्यांचा मारा वाढत नाही, म्हणून पातळी किती वेळ टिकली याला महत्त्व. दुपारचा डोस चुकला की डॉक्टर रागावतात ते यामुळे.

अमिकॅसिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन या मंडळींचं काम वेगळ्या ठिकाणी चालतं. जंतूच्या पेशीत प्रथिनं बनतात ती रायबोसोमवर. तिथे संदेशातली तीन-तीन अक्षरं वाचून नेमकं अमिनो आम्ल आणलं जातं, आणि आणलेलं बरोबर आहे का हे तपासणारी एक जागा रायबोसोमच्या लहान तुकड्यात असते. बरोबर जोडी जुळली की तिथले दोन अडेनिन बाहेर डोकावतात आणि पुढे जायला परवानगी मिळते. हे औषध त्याच जागी जाऊन बसतं आणि त्या दोघांना कायमचं बाहेर काढून ठेवतं. मग चुकीचं अमिनो आम्लही बिनदिक्कत आत येतं. काम थांबत नाही, चुकीचा माल बनत राहतो.

खरी गंमत पुढे आहे. त्या बिघडलेल्या प्रथिनांतली काही जंतूच्या आवरणात जाऊन बसतात आणि ते गळकं होतं. गळक्या आवरणातून औषध आणखी आत शिरतं, आणखी चुका होतात, आवरण आणखी गळतं. टेट्रासायक्लीनसुद्धा रायबोसोमवरच काम करतं, पण ते जंतूंना बहुतेक वेळा नुसतं थोपवतं. ही मंडळी ठार करतात. हे चक्र जितक्या जोरात सुरू होईल तितके जास्त जंतू पहिल्या तास-दोन तासांत मरतात, आणि तो जोर ठरतो सुरुवातीच्या पातळीवर. वाढ रोखायला जेवढी किमान पातळी लागते तिच्या आठ ते दहा पट शिखर गाठायचं, असा आमच्याकडचा हिशोब.

सुरुवातीला आत शिरायला मात्र ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते. म्हणून बिनऑक्सिजनच्या जंतूंवर हे औषध चालत नाही, आणि पू साठलेल्या आम्लधर्मी गळवात लंगडं पडतं. लघवीच्या संसर्गात ते चांगलं का, यावर पुढे येतो.

---

रावसाहेब_पुणे

शिखराचं पटलं. पण माझा मुद्दा तसाच राहिला. शिखरानंतर दरी येणारच ना? त्या दरीत उरलेले जंतू काय हात जोडून बसतात?

---

खलबत्ता

काही तास खरंच बसतात.

हे प्रयोगशाळेत बघायला सोपं आहे. एका नळीत जंतू आणि औषध तासभर एकत्र ठेवायचे. मग औषध धुऊन काढायचं किंवा इतकं पातळ करायचं की असून नसल्यासारखं. शेजारी औषध न घातलेली नळी, तीही तशीच धुतलेली. दोन्हींतून दर तासाला थोडं घेऊन प्लेटवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या. साध्या नळीतले जंतू लगेच दुपटीला लागतात. औषध लागलेल्या नळीतले जे जिवंत राहिले ते दोन-चार तास जागचे हलत नाहीत, मग वाढू लागतात. या दोन वेळांतला फरक म्हणजे अँटिबायोटिकनंतरचा परिणाम. औषध गेलं तरी रायबोसोमला चिकटलेलं लगेच सुटत नाही, आणि बिघडलेली यंत्रणा नव्याने उभी करायला जंतूला वेळ लागतो. सुरुवातीचं शिखर उंच असेल तर हा काळही लांबतो. शरीरात तो नळीतल्यापेक्षा जास्त मिळतो, कारण लुळ्या पडलेल्या जंतूंना पांढऱ्या पेशी सहज गिळतात. पेनिसिलिनच्या कुळाला ई. कोलायसारख्या जंतूंविरुद्ध ही सवलत जवळजवळ मिळतच नाही.

आता रेझिस्टन्स. इथे रावसाहेबांच्या तर्काच्या उलट घडतं. पहिला डोस पचवून उरलेले जंतू काही तासांसाठी औषध आत घेणंच कमी करतात. जनुक बदलत नाही, नुसती सावध झालेली अवस्था. त्या काळात दुसरा डोस दिला तर त्याचा मारा बोथट होतो, आणि थोडं थोडं औषध सतत मिळत राहिलं तर ही अवस्था टिकून राहते. मध्ये पुरेशी मोकळीक गेली की ती ओसरते आणि पुढचा डोस पुन्हा कडक बसतो. दर आठ तासांनी देण्याचं एक नुकसान हे आहे.

---

शुभा_सांगली

जंतूंचं समजलं. आता किडनी सांगा ना. दिवसाचं एकूण औषध तेवढंच, सगळं लघवीवाटेच बाहेर पडणार. मग किडनीला फरक कसला?

---

खलबत्ता

तुमच्या बाबांचेच आकडे घेऊ. ढोबळ हिशोब आहे, रिपोर्ट नाही.

वय ६८, वजन ६२, क्रिएटिनिन १.१. नेहमीच्या सूत्राने,

```
(140 − 68) × 62 ÷ (72 × 1.1) ≈ 56 ml/min
```

म्हणजे किडनी मिनिटाला साधारण ५६ मिली रक्तद्रव स्वच्छ करते. वयाला धरून आहे. हे औषध चरबीत फारसं शिरत नाही, पेशींबाहेरच्या पाण्यात पसरतं. ६२ किलोच्या माणसात ते सोळा-सतरा लिटर धरू. ७५० मिग्रॅ त्यात पसरलं की लिटरमागे सुमारे ४५ मिग्रॅचं शिखर. निम्मं व्हायला साडेतीन तास. म्हणजे बारा तासांनी पातळी ४ च्या आसपास आणि दुसऱ्या दिवशीच्या डोसआधी अर्ध्या मिग्रॅच्याही खाली.

आता तेच २५० मिग्रॅ दर आठ तासांनी देऊन बघा. शिखर १८ च्या आसपास, आणि प्रत्येक डोसआधीची तळाची पातळी ४ च्या जवळ. त्यांच्या ई. कोलायला रोखायला ४ लागतात असं समजलं, तर एकदाच देण्यात आपण अकरा पट गाठतो, तीनदा देण्यात जेमतेम साडेचार पट. शिवाय रक्तातलं औषध कधीच धुऊन जात नाही.

हे धुऊन जाणंच किडनीला हवं असतं. औषध गाळणीतून नळीत उतरतं. नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशींवर मेगॅलिन नावाचं प्रथिन असतं, ते वाटेत येणारी उपयोगी प्रथिनं उचलून आत घेतं. अमिकॅसिनवर धन विद्युतभार असल्याने तेही त्याला चिकटतं आणि आत ओढलं जातं. पण या उचलण्याला मर्यादा आहे. एसटीच्या दारासारखं समजा : फलाटावर पन्नास माणसं असोत की पाचशे, मिनिटाला आत चढणारी तेवढीच. शिखर कितीही उंच असलं तरी पेशी ठरावीक वेगानेच औषध घेते, बाकीचं लघवीत वाहून जातं. मात्र पातळी कमी असूनही सतत असेल, तर दार दिवसभर चालू राहतं. आत गेलेलं औषध पेशीच्या पचनपिशव्यांत साठतं, तिथली चरबी मोडेनाशी होते, पिशव्या फुगतात, फुटतात आणि पेशी मरते.

बेल्जियममध्ये हे माणसांत तपासलं गेलं. ज्यांची किडनी शस्त्रक्रियेत काढायचीच होती अशा रुग्णांना आधी तेच औषध कुणाला एकदम, कुणाला दिवसभर थेंब थेंब दिलं, आणि काढलेल्या किडनीत किती साठलं ते मोजलं. जेंटामायसिन आणि अमिकॅसिन एकदम दिलेल्यांत कमी साठलं होतं. टोब्रामायसिनमध्ये मात्र फरक दिसला नाही. त्यामुळे हा नियम सगळ्यांना सारखा लावता येत नाही.

लघवीचं राहिलं होतं. औषध जसंच्या तसं लघवीत उतरतं. दिवसाला दोन लिटर लघवी धरली तर सरासरी पातळी लिटरमागे चारशे मिग्रॅच्या जवळ जाते. रक्तात दरी असते तेव्हाही तिथे चांगला साठा असतो. फुफ्फुसात किंवा मेंदूच्या पाण्यात एवढं कधीच पोचत नाही, म्हणून न्यूमोनियात एकट्या अमिकॅसिनवर मी विसंबणार नाही.

---

रावसाहेब_पुणे

हिशोब आवडला. म्हणजे एकदाच दिलं की किडनी सुरक्षित, असंच ना?

---

खलबत्ता

नाही, इतकं सोपं करू नका. अमेरिकेत हार्टफर्डला १९९५ मध्ये २१८४ रुग्णांचा अनुभव छापला गेला. जेंटामायसिन किंवा टोब्रामायसिन किलोमागे ७ मिग्रॅ एकदम, किडनी बिघडली १.२ टक्के लोकांत. आकडा देखणा आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि बहुतेकांचे उपचार मोजक्या दिवसांचे होते. पुढे तुलनात्मक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा किडनीचा फायदा काहींत थोडा, काहींत काठावरचा निघाला. माझं मत : एकदाच देण्याने धोका मागे ढकलला जातो, नाहीसा होत नाही. पाचव्या-सातव्या दिवसाच्या पुढे गेलात की डोस कसाही द्या, तो वाढतोच. शिवाय भाजलेले रुग्ण, गरोदर बायका, हृदयाच्या झडपेचा संसर्ग, यांना हा सरसकट हिशोब लागू होत नाही.

---

माजी_सिस्टर_मिरज

वॉर्डात उभी हयात गेली, म्हणून दोन गोष्टी सांगते.

शुभा, औषधाची पातळी मोजायला रक्त काढणार असतील तर ज्या हाताला सलाईन आहे त्याच हातातून काढू देऊ नकोस. त्याच कॅन्युलातून काढलेल्या नमुन्यात औषधाचे उरलेले थेंब येतात, पातळी आभाळाला भिडते आणि सगळे घाबरतात. दुसरं, बाटली किती वाजता लावली, किती वाजता संपली आणि रक्त किती वाजता काढलं, या तीन वेळा कागदावर हव्यात. 'मॉर्निंग डोस' लिहून पाठवलेल्या नमुन्याचा लॅबवाल्यांना काही उपयोग नसतो. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी पातळी मोजायची सोयच नाही. तिथे क्रिएटिनिन एक दिवसाआड तरी करतात ना, ते विचार.

आणि बाबांना घरच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? गुडघ्याच्या वगैरे?

---

शुभा_सांगली

सिस्टर, बरं विचारलंत. गुडघ्यासाठी ॲसिक्लोफेनॅक रोज घेतात. पिशवीत आणलंय आणि आईने काल रात्री दिलंही, कारण कुशीत दुखत होतं. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. भाऊ म्हणतो काळजी करू नकोस, लघवी भरपूर होतेय म्हणजे किडनी उत्तम.

---

खलबत्ता

ॲसिक्लोफेनॅकचं आजच्या आज डॉक्टरांना सांगा. उद्याच्या राऊंडची वाट बघू नका. ताप, उलट्या, कमी पाणी यामुळे किडनीकडचा रक्तपुरवठा आधीच आक्रसलेला असतो. अशा वेळी किडनी ज्या आधाराने रक्त ओढून घेत असते, नेमका तोच आधार ही वेदनाशामकं काढून घेतात. आणि सूज आली म्हणून कुणी लघवी वाढवणारं लॅसिक्स लिहिलं, तर अमिकॅसिन चालू आहे याची आठवण करून द्या. त्या जोडीने कानही जातो.

भावाचं म्हणणं ऐकून इथे हमखास फसगत होते. या औषधाने बिघडलेली किडनी बहुधा लघवी बंद करत नाही. नळीच्या पेशी गेल्यावर पाणी परत ओढून घेण्याची ताकद कमी होते, म्हणून लघवी उलट भरपूर आणि पाण्यासारखी होऊ शकते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीतून निसटतात, पायात गोळे येतात. क्रिएटिनिन चढायला लागतं साधारण पाच-सात दिवसांनी, म्हणजे नळीत बरंच नुकसान झाल्यावर.

समजा सहाव्या दिवशी ते १.८ झालं. वरच्याच सूत्राने ५६ चे ३४ होतात. औषध निम्मं व्हायला साडेतीनऐवजी साडेपाच तास लागतात, आणि पुढच्या डोसआधीची पातळी अर्ध्याऐवजी दोनच्या पुढे जाते. क्रिएटिनिन चढत असताना खरी किडनी त्या आकड्यापेक्षाही मागे असते, त्यामुळे पातळी याहून जास्तच असणार. तेच ७५० तसंच चालू ठेवलं तर किडनी औषध साठवते आणि साठलेलं औषध किडनी बिघडवतं. वेळीच थांबलं तर नळीच्या पेशी पुन्हा उगवतात आणि बहुतेकांचं क्रिएटिनिन काही आठवड्यांत खाली येतं. कानाच्या बाबतीत मात्र तशी परतफेड नाही.

---

वाडीकर

कानाचा विषय निघालाच आहे तर माझंही सांगतो. मला नव्वदच्या दशकात टीबी झाला होता. गावाकडच्या दवाखान्यात स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोज, दोन महिने. टीबी बरा झाला, ऐकूही चांगलं येतं. पण तेव्हापासून अंधारात चालता येत नाही. लाईट गेली की भिंत धरतो. चालता चालता दुकानाची पाटी वाचायला गेलो तर अक्षरं उड्या मारतात, थांबलो की स्थिर. गरगरत कधीच नाही. दोन डॉक्टरांनी मानेचे मणके म्हणून पट्टा दिला. ऐकू येतंय म्हणजे सुईचा यात संबंध नाही ना?

---

कानगोष्टी

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. वाडीकर, तुमचं वर्णन वाचून मला मानेपेक्षा आतल्या कानाची शंका जास्त येते. न तपासता ठाम सांगणार नाही.

आतल्या कानात दोन कामं चालतात, ऐकणं आणि तोल. या कुळातली काही औषधं ऐकण्यावर जास्त घाव घालतात. अमिकॅसिन आणि कॅनामायसिन त्यातली. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन तोलावर जास्त. तोल एकाच बाजूचा गेला तर गरगरतं. दोन्ही बाजूंचा सारखाच गेला तर मेंदूला दोन्हीकडून सारखीच कमी खबर मिळते, म्हणून गरगर नाही. मग माणूस डोळ्यांच्या आधाराने चालतो आणि अंधारात तो आधार सुटतो. पाटी उड्या मारते कारण डोकं हललं की नजर स्थिर ठेवणारी यंत्रणा आतल्या कानावर चालते. तपासणाऱ्याने तुमचं डोकं पटकन थोडं वळवायचं आणि तुम्ही त्याच्या नाकाकडे बघत राहायचं. नजर सुटून मागाहून झटक्याने परत नाकावर आली, तर बरंच उत्तर मिळतं. दोन मिनिटांचं काम आहे. कान-नाक-घसावाल्यांकडे जा आणि स्ट्रेप्टोमायसिन घेतल्याचं आधी सांगा.

शुभाताई, बाबांसाठी : अमिकॅसिन आतल्या कानाच्या शंखाच्या तळाच्या भागापासून पेशी मारत वर जातं, आणि तळाशी सगळ्यात उंच स्वर ऐकू येतात. म्हणून सुरुवातीला बोलणं नीट कळतं आणि कुणाला काही जाणवत नाही. नेहमीची श्रवणचाचणी ८ किलोहर्ट्झपर्यंतच जाते, पहिला फटका त्याच्या वर बसतो. लांबलचक कोर्स असेल तर त्यापुढची वारंवारता तपासणारं यंत्र जिथे आहे तिथे आधी एकदा आणि मध्ये एकदा चाचणी करतात. सात दिवसांच्या कोर्सला सगळे करतातच असं नाही. कानात नवी शिट्टी वाजायला लागली तर मात्र त्याच दिवशी सांगा. सस्तन प्राण्यांत या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. आतल्या कानाच्या पाण्यात औषध रक्तापेक्षा कितीतरी जास्त काळ रेंगाळतं, म्हणून ऐकणं कधी कधी औषध बंद झाल्यावरही उतरत जातं.

आणि एकदाच देण्याने कान वाचतात याचा पक्का पुरावा माझ्या वाचनात नाही. एकूण दिवस आणि एकूण औषध, हेच जास्त मोजलं जातं. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत कॅनामायसिनच्या सुया महिनोन् महिने चालायच्या, तेव्हाचे कितीतरी रुग्ण आजही श्रवणयंत्रासाठी येतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये कॅनामायसिन नको म्हटलं.

---

वाडीकर

म्हणजे एवढी वर्षं पट्टा उगाच वापरला. जाऊन येतो. आईलाही तरुणपणी कसल्याशा सुईनंतर ऐकू येईनासं झालं होतं. दोन-तीनच सुया घेतल्या होत्या म्हणे. योगायोग?

---

मुळशी_ते_मँचेस्टर

वाडीकर, हे वाचून थांबले. मी इथे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. आईकडून येणारा एक बदल आहे, १५५५ क्रमांकाच्या जागी अडेनिनऐवजी ग्वानिन. आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा रायबोसोम असतो, त्यात हा बदल असला की त्याची ती जागा जंतूच्या रायबोसोमसारखी दिसू लागते. मग खलबत्ता यांनी सांगितलेली सगळी कथा माणसाच्या कानातच घडते. अशा काही लोकांत थोड्याशा औषधानेही, पातळी अगदी योग्य असताना, ऐकणं जातं. १९९३ मध्ये हा बदल ओळखला गेला. युरोपीय लोकांत साधारण पाचशेत एकाकडे सापडतो.

आमच्याकडे संसर्गाची शंका आलेल्या बाळाला तासाभरात जेंटामायसिन द्यायचं असतं, लॅबच्या उत्तराची वाट बघायला वेळ नसतो. म्हणून मँचेस्टरमध्ये गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून २६ मिनिटांत उत्तर देणारी चाचणी आणली, २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. बदल सापडला तर बाळाला दुसरं अँटिबायोटिक मिळतं.

तुमच्या आईचं हेच कारण असेल असं मी म्हणत नाही. पण हा बदल आईकडून सगळ्या मुलांकडे येतो, त्यामुळे तुमच्या आणि तुमच्या बहिणींच्या फाईलवर 'या कुळातलं औषध टाळावं, तपासणी बाकी' एवढं लिहून ठेवायला हरकत नाही.

---

रावसाहेब_पुणे

मग ही चाचणी आपल्याकडे अमिकॅसिनआधी सर्वांची का करत नाहीत? एका कानाची किंमत काय?

---

खलबत्ता

माझं मत तुम्हाला आवडणार नाही. ताप १०४, रक्तदाब खाली येतोय अशा माणसाचं औषध मी जनुकाच्या रिपोर्टसाठी अडवणार नाही. शिवाय कान गेलेल्या बहुतेकांत हा बदल नसतोच, त्यांचे कान दिवस आणि डोस यामुळे जातात. आईकडच्या नात्यात सुईनंतर कुणी बहिरं झालं का, हा प्रश्न मात्र फुकट आहे आणि विचारला जात नाही.

---

मुळशी_ते_मँचेस्टर

इथे मी असहमत आहे. कुटुंबात आधी कुणालाच हे औषध मिळालं नसेल तर त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येणार आणि पहिला बळी आपलाच रुग्ण असणार. निदान सहा महिने सुया घेणाऱ्यांची तरी आधी चाचणी व्हावी.

---

खलबत्ता

लांब कोर्सचं मान्य. सात दिवसांच्या कोर्सबद्दल वाद चालू ठेवू.

---

शुभा_सांगली

सगळ्यांचे आभार. ॲसिक्लोफेनॅक त्याच संध्याकाळी बंद झालं, पॅरासिटामॉल सुरू आहे. डॉक्टर आधी वैतागले, मग त्यांनीच क्रिएटिनिन रोज करायला सांगितलं. आज पाचवा दिवस, ताप दोन दिवसांपासून नाही, क्रिएटिनिन १.३. ते म्हणतात हे चढणं छोटं आहे, पण पुढचे दोन डोस द्यायचे की औषध बदलायचं ते उद्याचा आकडा बघून ठरवू. आईला विचारलं, आत्याला तरुणपणी टायफॉइडनंतर ऐकू येईनासं झालं होतं. आत्या म्हणजे बाबांची सख्खी बहीण. तेव्हा कोणती सुई दिली होती ते कुणालाच आठवत नाही. हे उद्या सांगू का डॉक्टरांना?

---

मुळशी_ते_मँचेस्टर

हो, सांग. सख्खी बहीण म्हणजे आई एकच. टायफॉइडनेही कान जाऊ शकतो, त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही. पण १.३ च्या क्रिएटिनिनवर उरलेले दोन डोस द्यायचे का हे ठरवताना ही गोष्ट त्यांना माहीत असलेली बरी.

---

माजी_सिस्टर_मिरज

आणि उद्याच्या क्रिएटिनिनचं रक्त सकाळच्या डोसच्या आधी जाऊ दे. रिपोर्ट हातात आल्याशिवाय बाटली लावू नका, असं ड्युटीवरच्या मुलीला आजच सांगून ठेव. नाहीतर ती सवयीने सकाळीच लावून मोकळी होईल.